विमानाची धास्ती आणि विरार फास्टचा दांडा

अहमदाबादला कोसळलेल्या विमानाचं सगळं आता आपल्याला पाठ झालं आहे. ११-ए ही सीट, मेसच्या इमारतीत अडकलेलं शेपूट, उड्डाणानंतर काही सेकंदांतच खाली येणाऱ्या विमानाचा तो व्हिडिओ. नंदाखालमध्ये विषय निघाला की कुणाचं तरी परदेशी असलेलं पोरगं आठवतं आणि आवाज खाली येतो. आमच्या शेजारच्या काकांनी तर मुलाला कॅनडाला कळवून टाकलं, ‘यंदा आम्ही येत नाही, तूच ये.’ म्हणजे विमानात काकांनी बसायचं नाही, मुलाने बसलं तर चालेल. हिशेब असाच चालतो.

हेच काका तीस वर्षं विरार फास्टच्या दारात उभे राहून चर्चगेटला गेले. नंदाखालहून रिक्षाने विरार स्टेशन, तिथून दांडा धरून थेट दार. चौथी सीट मिळाली तर बोरिवलीपर्यंत ती सोडायची नाही, आणि दारात जागा मिळाली तर तीच बरी, वारा लागतो. कुणी पडल्याचं ऐकलंय का, असं विचारलं तर म्हणाले, ‘पडतात की. रोजच कुणीतरी.’ ‘रोजच’ हा शब्द त्यांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता उच्चारला.

आता हिशेब मांडू. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ मध्ये २,५९० माणसं दगावली. दिवसाला सात. अहमदाबादच्या विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले. तेवढे मृत्यू लोकलच्या रुळांवर सुमारे पाच आठवड्यांत होतात. यातले जवळपास निम्मे रूळ ओलांडताना होतात, त्यामुळे डब्यात बसणाऱ्याने सगळा आकडा स्वतःवर ओढून घेऊ नये. पण चालत्या गाडीतून पडून मरणारेही वर्षाला पाचशेच्या वर आहेत.

रोज साधारण ७५ लाख फेऱ्या धरल्या, तर गाडीतून पडण्याचा मृत्यू अंदाजे पन्नास लाख फेऱ्यांमागे एक येतो. हे ऐकायला काहीच नाही. मात्र काकांच्या फेऱ्या मोजा: दिवसाला दोन, वर्षाला तीनशे दिवस, तीस वर्षं. अठरा हजार झाल्या. पन्नास लाखांना अठरा हजारांनी भागलं की धोका २७८ जणांत एकावर येतो. हीसुद्धा सरासरी झाली. आत बसलेल्याचा आणि दांड्याला लटकलेल्याचा धोका एकाच पारड्यात घातला आहे, म्हणजे लटकणाऱ्याचा वाटा याहून बराच जास्त.

विमानाचा हिशेब असा: २०२४ मध्ये जगभरात चार कोटींहून अधिक व्यावसायिक उड्डाणं झाली आणि विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, आयटाच्या मोजणीनुसार सात प्राणघातक अपघातांत विमानातले २४४ जण गेले. प्रवासी पाच अब्जांच्या आसपास. म्हणजे दोन कोटी प्रवासांमागे एक मृत्यू. अहमदाबादमुळे २०२५ हे वर्ष त्याहून वाईट, हे उघड आहे, तरी आकडा दुप्पट केला तरीही एका फेरीमागे विमान लोकलपेक्षा सुरक्षितच राहतं. शिवाय काका विमानात बसणार वर्षातून दोनदा.

मग भीती उलटी का? इस्रायली मानसशास्त्रज्ञ आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७३ मध्ये याचं उत्तर मांडलं. एखादी गोष्ट किती वेळा घडते हे ठरवताना आपण मोजत नाही, तिचं उदाहरण किती चटकन आठवतं ते पाहतो. त्यांनी लोकांना पुरुष आणि स्त्रियांच्या नावांची मिसळलेली यादी ऐकवली. एका गटातली एकोणीस नावं प्रसिद्ध होती, दुसऱ्यातली वीस फारशी माहीत नसलेली. कुणाची नावं जास्त होती, असं विचारल्यावर बहुतेकांनी प्रसिद्ध नावांचा गट सांगितला. एकोणीस वीसपेक्षा मोठे ठरले, कारण ते लक्षात राहिले. याला उपलब्धतेचा आडाखा म्हणतात. एरवी तो आडाखा कामाचाच असतो, कारण वारंवार घडणारं सहसा चटकन आठवतं. घोटाळा होतो तो आठवण भरण्याचं काम दुसरंच कुणी करत असेल तेव्हा.

ते दुसरं कुणी म्हणजे आम्ही, वर्तमानपत्रवाले. बार्बरा कोम्ब्स आणि पॉल स्लोविक यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या दोन गावच्या वर्तमानपत्रांतल्या मृत्यूच्या बातम्या मोजल्या. आजारांनी मरणारे खुनाने मरणाऱ्यांच्या सुमारे शंभरपट होते, पण खुनाच्या बातम्या आजाराच्या बातम्यांच्या तिप्पट. आपल्याकडे लोकलमधून पडलेला माणूस आतल्या पानावर दोन ओळींत येतो, ‘अनोळखी इसम, वय अंदाजे ३५’. त्याचा व्हिडिओ नसतो, सीट नंबर तर नसतोच.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांना हे एवढंच उत्तर पुरेसं वाटत नाही, आणि मला त्यांचं पटतं. त्यांच्या मते खरी धास्ती एका क्षणी खूप माणसं जाण्याची असते. तेवढीच माणसं वर्षभरात सुटी सुटी गेली तर मन हलत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत विमानप्रवास घटला आणि लोक गाड्या काढून महामार्गांवर उतरले. गिगेरेन्झरांनी आधीच्या वर्षांतले रस्ते अपघात काढले, त्यांच्याशी पुढच्या बारा महिन्यांची तुलना केली. सुमारे दीड हजार माणसं रस्त्यावर जास्तीची मेली होती, अपहृत चारही विमानांतल्या प्रवाशांच्या जवळपास सहापट. त्यातल्या कुणालाच आपण भीतीपायी मरतोय हे कळलं नसणार. अपघात हा अपघातच वाटतो, कागदावर जास्तीचे मृत्यू दिसतात ते वर्षाच्या बेरजेत.

याची घरगुती आवृत्ती गेल्याच आठवड्यात ऐकली: गोव्याचं विमानाचं तिकीट रद्द केलं, आता रात्री गाडीने जाणार. रात्री, जूनच्या पावसात, मुंबई-गोवा महामार्गावरून! २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या रस्त्यांवर पंधरा हजारांहून अधिक माणसं मेली.

एक गोष्ट मात्र उपलब्धतेच्या आडाख्याच्या बाजूने सांगावी लागेल. लोकलमधल्या मृत्यूंचे हे आकडे घेऊन विरारचाच एक प्रवासी उच्च न्यायालयात गेला होता आणि प्रवाशांना गुरांसारखं कोंबलं जातं याची लाज वाटते, असं न्यायालयाने २०२४ मध्ये सुनावलंही होतं. दरवाजे तेव्हाही उघडेच राहिले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून पडली, चार जण एकाच सकाळी गेले, कॅमेरे आले, आणि त्याच दिवशी रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप मिटणारे दरवाजे बसवायचं जाहीर केलं. दारांना झडपा, छतातून हवा, डब्यातून डब्यात जायला वाट. पहिली गाडी नोव्हेंबर २०२५ पर्यंत तयार, जानेवारी २०२६ मध्ये रुळावर, अशी ती घोषणा होती. दिवसाला सातने जे झालं नाही ते एकदम चारने झालं.

म्हणून संपादकांकडे मागणी आहे, आणि वाचकांनी ती लावून धरावी: महिन्याच्या पहिल्या तारखेला लोहमार्ग पोलिसांकडून स्टेशनवार आकडा घ्या आणि पहिल्या पानावर छापा. विरार, नालासोपारा, वसई, तिन्ही वेगवेगळे. आणि काका, तुम्ही कॅनडाचं तिकीट काढा.