करमाफ, वजावट, रिबेट आणि आकारणी : नव्या नोकरदारासाठी चार शब्द



आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आता नोकरीला लागली आहेत. पहिल्यांदा आयकराचे विवरणपत्र भरायची वेळ आली की घरात चार शब्द कानावर पडतात आणि चौघांचा एकच अर्थ धरला जातो, तो म्हणजे ‘कर कमी होणे’. पण प्रत्येकाची जागा वेगळी आहे. आपल्या काट्यावरून आणि बिलावरून ती चटकन ध्यानात येईल.

समजा, एका सभासदाच्या मुलीला २०२५-२६ या वर्षात ७,८०,००० रुपये पगार मिळाला. सातबाऱ्यावर तिच्या नावे थोडी जमीन आहे. तिथल्या उसाचे, खर्च वजा जाता, १,५०,००० रुपये राहिले. ती नव्या करपद्धतीने हिशोब करते.

करमाफ उत्पन्न : उसाचे हे दीड लाख केंद्राच्या आयकरातून माफ आहेत. ते करपात्र उत्पन्नात धरायचेच नाहीत. मात्र शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांवर असेल आणि बाकीचे उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेवर गेले असेल, तर कराचा दर ठरवताना ते विचारात घेतात. जमीन वडिलांच्या नावे असती तर हे उत्पन्न वडिलांचे, मुलीचे नव्हे.

वजावट : भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा होते, मग राहिलेल्या टनांना दर लागतो. वजावट तशीच, दर लावण्याआधीची. पगारदाराला नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, त्यासाठी पावती लागत नाही. म्हणून ७,८०,००० चे ७,०५,००० झाले. विम्याच्या हप्त्याची किंवा स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीची वजावट हवी असेल तर जुनी पद्धत निवडावी लागते.

इथे एक घोटाळा होतो. पगारातून कापून घेतलेला कर, म्हणजे टीडीएस, ही वजावट नव्हे. ती तुमच्या नावे सरकारात झालेली आगाऊ जमा आहे. शेवटी कर कमी निघाला तर जास्तीचे पैसे परत मिळतात.

आता कर काढू. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के. पगाराचे ७,०५,००० आणि शेतीचे १,५०,००० मिळून ८,५५,००० होतात. त्यावर कर २५,५००. मग ४ लाख अधिक शेतीचे दीड लाख, म्हणजे ५,५०,००० वरचा कर ७,५०० त्यातून काढून टाकायचा. राहिले १८,०००. शेती नसती तर हा आकडा १५,२५० आला असता.

रिबेट : दर लावून बिल तयार झाल्यावर बिलाच्या रकमेतच सूट द्यावी, तशी ही सवलत. नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. ही मर्यादा पाहताना शेतीचे उत्पन्न मोजत नाहीत. मुलीचे करपात्र उत्पन्न ७,०५,०००, म्हणून तिचे १८,००० रुपये पूर्ण माफ. कर शून्य.

“कर शून्य, मग फॉर्म कशाला?” असे पुष्कळ जण म्हणतात. इथेच फसगत होते. मूळ मर्यादा ४ लाखांची आहे, १२ लाखांची नाही. तिचे उत्पन्न ४ लाखांवर असल्याने विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. मुदत चुकली तर कर शून्य असूनही, उत्पन्न ५ लाखांवर असल्याने, ५,००० रुपये विलंबशुल्क पडते.

दुसरी चूक फॉर्मची. पगारदारांचा सोपा आयटीआर-१ (सहज) शेती उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंत असेल तरच चालतो. या मुलीला आयटीआर-२ भरावा लागेल.

आकारणी : आपण दिलेला हिशोब खात्याने तपासून कर ठरवणे म्हणजे आकारणी. म्हणून २०२५-२६ च्या उत्पन्नाचे आकारणी वर्ष २०२६-२७ असते. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला नवा कायदा असून त्यात ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आहे.) फॉर्म पाठवल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, आधारवरच्या मोबाईल क्रमांकाला आलेल्या ओटीपीने ती होते. नंतर ईमेलवर कलम १४३(१) ची सूचना येते. ती पाहून घाबरू नये. त्यात एका रकान्यात आपले आकडे आणि शेजारी खात्याचे आकडे असतात. दोन्ही जुळले की काम संपले. फरक दिसला तर आधी मालकाने दिलेला फॉर्म १६ आणि खात्याच्या नोंदीतला टीडीएस ताडून पाहावा, बहुतेक वेळा गोम तिथेच सापडते.

उसाची बिले आणि खतापाण्याच्या पावत्या मात्र जपून ठेवा. शेतीचे दीड लाख कुठून आले हे दाखवायला त्याच उपयोगी पडतील.

— ऊस विकास अधिकारी