तीन वर्षं घर विकू नका

पुण्यातला जुना फ्लॅट विकून 40 लाखांचा दीर्घकालीन नफा झाला आणि ठरलेल्या मुदतीत 60 लाखांचं दुसरं घर घेतलं, तर आयकर कायद्यातल्या सवलतीमुळे त्या नफ्यावर कर लागत नाही. 12.5 टक्क्यांनी होणारे 5 लाख वाचतात.

आता दीड वर्षात तेच घर 65 लाखांना विकलं, तर नफा 5 लाखच ना? नाही. आयकर खातं खरेदी किंमत 60 लाख धरत नाही, त्यातून सूट मिळालेले 40 लाख वजा करतं. उरले 20 लाख, म्हणजे नफा 45 लाख! चोवीस महिन्यांच्या आतली विक्री, म्हणून तो अल्पकालीन. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर साडेतेरा लाख, अधिभार-उपकर वेगळा.

शिक्षा जबर वाटते, पण सवलत राहतं घर बदलणाऱ्यासाठी आहे, घरांची उलाढाल करणाऱ्यासाठी नाही. हेतू तपासणं अवघड, तारीख तपासणं सोपं. दोन वर्षांनंतर विकलंत तर नफा दीर्घकालीन ठरतो, तरी 40 लाखांची वजावट होतेच. तीन वर्षं उलटली की मात्र पूर्ण 60 लाख धरले जातात.