वत्सल की करुण? ‘राजहंस माझा निजला’ ह्या कवितेतील अंगी रसाचा निर्णय

काव्याच्या वर्गात एखाद्या कवितेचा प्रधान रस सांगण्याचा प्रश्न निघाला, म्हणजे विद्यार्थी बहुधा कवितेतील भाववाचक शब्द वेचू लागतात. ‘दुःख’, ‘अश्रू’, ‘माया’ असे शब्द जमवावयाचे आणि ज्या पारड्यात ते अधिक पडतील तो रस प्रधान ठरवावयाचा, असा हा हिशेब असतो. शास्त्राच्या दृष्टीने तो मुळातच उलटा आहे. रस किंवा स्थायी भाव त्याच्या नावाने सांगणे ह्याला मम्मटाने रसदोषांत गणले आहे. म्हणजे कविता जितकी उत्तम, तितका तिचा रस शब्दांत सापडण्याचा संभव कमी. तो शोधावयाचा तो विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव ह्यांच्या परस्परसंबंधात. हा शोध कसा करावा आणि तो कोठे चुकतो, हे गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ ह्या कवितेवरून चांगले दाखविता येते, कारण तीत शब्द एका रसाकडे बोट दाखवितात आणि रचना दुसऱ्याकडे.

कवितेतील प्रसंग परिचित आहे. नुकतीच विधवा झालेली एक आई. तिचे तान्हे मूलही मृत्यू पावले आहे. त्याचा निश्चेष्ट देह तिच्या मांडीवर आहे आणि भोवतालचे लोक तो घेऊन जाऊ पाहतात. आई मात्र मूल निजले आहे असेच धरून बोलते. गलबला करू नका म्हणून लोकांनाच विनविते. ह्या बोलण्याच्या आधी कवीने निवेदकाच्या वाणीने आईची अवस्था वाचकापुढे ठेवली आहे. म्हणजे कवितेत दोन वाणी आहेत आणि त्या दोन वाणींना वस्तुस्थितीचे ज्ञान सारखे नाही. सर्व विवेचनाची किल्ली ह्या एका गोष्टीत आहे.

प्रथम आईचेच बोलणे घेऊन पाहावे. आलंबन विभाव मूल. त्याचे निजणे, त्याचे कोवळेपण हे उद्दीपन. त्याला जपणे, लाडके नाव घेणे, इतरांना गप्प करणे हे अनुभाव. ही सामग्री सरळ वत्सलाची आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सल हा स्वतंत्र रस मानला आहे आणि त्याचे आलंबन म्हणून पुत्रादिकांचाच निर्देश केला आहे, तेव्हा लक्षण तंतोतंत जुळते. मम्मटाच्या मते पुत्रविषयक रती हा केवळ ‘भाव’, रस नव्हे. ह्या मताचा आधार घेऊन काही जण प्रश्न चटकन निकालात काढतात: वत्सल हा रसच नाही, म्हणून उरतो तो करुण. पण ही पळवाट झाली. कवितेच्या परीक्षणावाचून, नुसत्या यादीवरून मिळालेला तो निर्णय आहे. तो योग्य असला तरी त्याला किंमत नाही. विश्वनाथाचे मत मान्य करून, दोन्ही रस तुल्यबळ धरून मगच विचार करणे प्रामाणिकपणाचे होईल.

तसा विचार करताना आलंबनाकडे पुन्हा पाहावे लागते. आईच्या लेखी आलंबन आहे निजलेले मूल. सहृदयाच्या लेखी आलंबन आहे मेलेले मूल. भरताने करुण आणि विप्रलंभ ह्यांत जो भेद सांगितला आहे, तो येथे फार उपयोगी पडतो. विप्रलंभात पुनर्मीलनाची अपेक्षा शिल्लक असते, करुणात ती उरत नाही; एक सापेक्ष, दुसरा निरपेक्ष. हा भेद शृंगाराच्या संदर्भातला असला तरी त्यातील कसोटी येथेही लागू करता येते. आई सापेक्ष आहे. मूल जागे होईल ही तिची अपेक्षा. वाचकाला निवेदकाने आधीच निरपेक्ष करून ठेवले आहे. आईचा प्रत्येक लाडिक शब्द ह्या निरपेक्षतेवर येऊन आदळतो आणि म्हणूनच तो वत्सलाची निष्पत्ती न करता शोकाचे उद्दीपन करतो.

येथे एक रास्त शंका निघते. शोक हा स्थायी भाव मानावयाचा तर त्याचा आश्रय कोण? आई तर मृत्यू मानावयास तयारच नाही. मग तिला शोक कसा? ह्या शंकेचे उत्तर व्यभिचारी भावांत आहे. आईचे न मानणे हे अज्ञान नव्हे. मूल खरोखर निजले आहे अशी ज्या आईची खात्री असते, ती ते पुनःपुन्हा लोकांना पटवून देत बसत नाही. तिच्या आग्रहात शंका आहे, विनवण्यात दैन्य आहे, आणि ह्या सर्वांना व्यापून उन्माद आहे. विश्वनाथाने करुणाचे जे व्यभिचारी सांगितले आहेत त्यांत मोह आणि उन्माद हे दोन्ही येतात. तेव्हा ‘मूल निजले आहे’ हे तिचे म्हणणे वत्सलाचे विधान नसून शोकाचा अनुभाव आहे. प्रलापाचाच तो एक शांत, म्हणून अधिक दारुण प्रकार म्हणावा.

ह्याच ठिकाणी उत्तरपत्रिकांत एक चूक हमखास आढळते. भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत ‘निद्रा’ आहे आणि ‘मरण’ही आहे. विद्यार्थी ही दोन्ही नावे पाहतो आणि मुलाच्या संदर्भात ती यादीत घालतो. परंतु व्यभिचारी भाव हा ज्याच्या ठिकाणी स्थायी आहे त्या आश्रयाचा असतो, आलंबनाचा नव्हे. मुलाचे मरण हा येथे विभाव आहे. निद्रा तर कोणाचीच अवस्था नाही, ती आईच्या मोहाचा विषय आहे. प्रत्येक भावापुढे ‘हा कोणाचा?’ असे लिहिण्याची सवय ठेवल्यास ही चूक होत नाही.

आता दोन रसांपैकी अंगी कोणता, हे ठरविण्याची परीक्षा. एक भाग वगळून कविता मनात पुन्हा वाचावी. निवेदकाचा भाग आणि लोकांची उपस्थिती काढून टाकली, तर उरलेले बोलणे जवळजवळ अंगाईगीत होते; वत्सल राहतो, करुण नाहीसा होतो. उलट आईचे लाडिक बोलणे काढले तर शोकाचा प्रसंग राहतो, पण तो वृत्तान्तासारखा कोरडा पडतो. म्हणजे करुण हा वत्सलावाचून क्षीण होतो, तरी प्रसंगाच्या रूपाने टिकतो. वत्सल मात्र संपूर्ण कवितेत स्वतंत्रपणे टिकूच शकत नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात अंगांगिभावाचे जे विवेचन केले आहे, त्यात महाभारतातील भूरिश्रव्याच्या तुटलेल्या हाताचा प्रसंग येतो. त्या हाताच्या शृंगारचेष्टांची आठवण तेथे शोकाला बाध न आणता त्याची धार वाढविते. गोविंदाग्रजांच्या कवितेत वत्सलाचे स्थान नेमके तसे आहे. फरक एवढाच की तेथे सुख स्मृतीत आहे, येथे ते आईच्या लेखी चालू आहे.

ह्या निर्णयाला एक मर्यादा आहे आणि ती वर्गात लपवू नये. आईच्या शोकाशी वाचक तन्मय होतो, की आईच वाचकाच्या करुणेचे आलंबन होते, ह्या प्रश्नाचे उत्तर विभावानुभावांच्या कोष्टकातून निघत नाही. पहिल्या पक्षात आश्रय आई आणि आलंबन मूल. दुसऱ्यात आलंबन आई आणि आश्रयाच्या जागी निवेदक, त्याच्यामागे वाचक. रस दोन्ही पक्षी करुणच. पण पहिल्या पक्षात उन्माद हा व्यभिचारी ठरतो, तर दुसऱ्यात तोच उद्दीपन विभाव होतो. विद्यार्थ्याने कोणताही पक्ष घ्यावा. मात्र आरंभी एक घेऊन मध्येच दुसऱ्याचे कोष्टक भरू नये.