भाडेवाढ सोडावी की भाडेकरू?

पुण्यात वाकड, बाणेर, कोथरूडकडे दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने दिलेल्या घरमालकांना दर अकरा महिन्यांनी एकच प्रश्न पडतो. करार संपत आला आहे, बाजारात भाडे वाढले आहे आणि भाडेकरू म्हणतो, "काका, यंदा भाडं आहे तेवढंच ठेवा ना." बहुतेक मालक याचे उत्तर महिन्याच्या आकड्यावर देतात. दोन हजार जास्त मिळत असतील तर का सोडायचे? काही जण उलट टोकाला जातात आणि घर रिकामे राहील या धास्तीने वर्षानुवर्षे भाडेच वाढवत नाहीत. दोघांनीही कागदावर हिशेब मांडलेला नसतो. मांडला, तर तो अर्ध्या तासात होतो.

एक उदाहरण घेऊ. फ्लॅटचे सध्याचे भाडे २८,००० रुपये आहे, सोसायटीचा मेंटेनन्स मालक भरतो आणि त्याच भागात तसाच फ्लॅट आज ३०,००० ला जातो. भाडेकरू दोन वर्षे राहिला आहे आणि पैसे वेळेवर देतो. त्याला जुन्याच भाड्यावर ठेवले, तर पुढच्या अकरा महिन्यांत ३,०८,००० रुपये येतील. तो ३०,००० ला राहिला, तर ३,३०,००० येतील. म्हणजे सवलतीची किंमत २२,००० रुपये. इथवरचा हिशेब सगळेच करतात. तो घर सोडून गेला तर काय, या तिसऱ्या शक्यतेचा आकडा मात्र क्वचितच कोणी मांडतो.

त्यात सगळ्यात मोठी रक्कम रिकाम्या दिवसांची असते आणि तिचाच अंदाज हमखास चुकतो. मालक म्हणतो, "रंग आठवड्यात होईल, पंधरा दिवसांत माणूस मिळेल." पण जुना भाडेकरू ३१ तारखेला सामान हलवतो, रंगारी तीन-चार दिवसांनी उगवतो, काम आठवडाभर चालते, मग साफसफाई होते. घर दाखवण्याजोगे होईपर्यंत बारा-तेरा तारीख उजाडते. नवीन माणसाला घर आवडले, तरी तो आज जिथे राहतो तिथे त्याला महिन्याची नोटीस द्यायची असते. दोन घरांचे भाडे एकदम भरायला कोणी तयार नसतो, त्यामुळे करार पुढच्या एक तारखेपासून, नाहीतर त्याच्याही पुढच्या पंधरवड्यापासून सुरू होतो. पंधरा दिवसांचे काम असे दीड महिना खाते. जुना भाडेकरू राहत असतानाच घर दाखवू देत असेल तर हा काळ बराच कमी होतो, पण ते तुमच्या संबंधांवर अवलंबून असते, आणि भाड्यावरून वाजलेले असेल तर तो दार उघडेलच असे नाही.

आपल्या उदाहरणात घर दीड महिना रिकामे राहिले असे धरू. उरलेल्या साडेनऊ महिन्यांचे ३०,००० प्रमाणे २,८५,००० रुपये येतील. आता त्यातून खर्च वजा करायचा, पण इथे एक नियम काटेकोरपणे पाळायला हवा: भाडेकरू गेला म्हणून जो खर्च होतो तेवढाच धरायचा, तो राहिला असता तरी झाला असता तो सोडून द्यायचा.

मेंटेनन्स घ्या. रिकाम्या घराचा मेंटेनन्स बरेच जण नुकसानीत धरतात. या उदाहरणात तो भाडेकरू असतानाही मालकच भरत होता, म्हणून तो धरायचा नाही. भाडेकरू तो वेगळा भरत असेल, तर मात्र रिकाम्या महिन्यांचा जरूर धरायचा. कराराच्या नोंदणीचेही तसेच आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, आणि शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. हा खर्च जुन्या भाडेकरूशी नवा करार केला तरी होतो, म्हणून तोही बाजूला ठेवायचा.

रंगाचा हिशेब जरा नाजूक आहे. समजा रंगाला २२,००० लागतात. एकच कुटुंब राहत असेल तर साधा रंग चारेक वर्षे चालतो, आणि या घराला तो दोन वर्षांपूर्वी लावला आहे. आज पुन्हा लावला, तर जुन्या रंगाची उरलेली दोन वर्षे वाया गेली. म्हणून भाडेकरूच्या जाण्यावर टाकायचे ते निम्मे, ११,००० रुपये. रंग पाच वर्षांचा झाला असता तर काहीच धरले नसते, कारण तो यंदा तसाही काढायचाच होता. गळका नळ, खराब झालेला गिझर हेही राहणाऱ्या माणसासाठी दुरुस्त करावेच लागते. फक्त घर दाखवण्यासाठी जे जास्तीचे करावे लागते, म्हणजे जाळ्या, ट्रॉलीची चाके, स्विच, त्याचे ४,००० धरू. साफसफाईचे ५,०००. एजंटची दलाली मालकाकडून पंधरा दिवसांच्या भाड्यापासून महिन्याच्या भाड्यापर्यंत घेतली जाते. आपण पंधरा दिवसांची, म्हणजे १५,००० धरू.

सगळे मिळून ३५,००० रुपये. २,८५,००० मधून ते गेले की उरतात २,५०,०००. आता तिन्ही आकडे समोर आहेत: वाढीव भाड्याने राहिला तर ३,३०,०००, जुन्या भाड्याने राहिला तर ३,०८,०००, गेला तर २,५०,०००. मालकाला वाटत होते की वाद दोन हजारांचा आहे. भाडेकरू खरोखर गेला, तर या वर्षी हातात ५८,००० रुपये कमी येतील.

एवढ्यावरून सवलत देऊन टाकणे मात्र घाईचे ठरेल, कारण भाडे वाढवले की भाडेकरू जाईलच असे नाही. एकाच इमारतीतले असे चार मालक डोळ्यांसमोर आणा. चौघांनीही ३०,००० मागितले आणि चारपैकी एकच भाडेकरू गेला, तर तिघांना प्रत्येकी २२,००० जास्त मिळाले, म्हणजे ६६,०००. चौथ्याचे ५८,००० गेले. चौघांचे मिळून वाढ मागणेच फायद्याचे ठरले, तेही थोडक्यात. दोघे गेले, तर मिळाले ४४,००० आणि गेले १,१६,०००. काटा मधोमध येतो तो साडेसत्तावीस टक्क्यांवर: २२,००० भागिले ८०,०००, म्हणजे सवलत भागिले वाढीव भाड्याने राहणे आणि निघून जाणे यांतला फरक. वाढ मागितल्याने जाण्याची शक्यता त्याहून जास्त वाढत असेल तरच सवलत परवडते.

'वाढत असेल' हे महत्त्वाचे. ज्याच्या स्वतःच्या फ्लॅटचा ताबा मार्चमध्ये मिळणार आहे किंवा ज्याची बदली झाली आहे, तो सवलत दिली तरी जाणारच. ज्याची मुले समोरच्याच शाळेत आहेत, तो बहुधा वाढ देऊनही राहील. सवलतीने निर्णय बदलतो तो या दोघांच्या मधल्या भाडेकरूचा. म्हणून करार संपण्याच्या दोन महिने आधी बसून बोलावे आणि पुढचा बेत सरळ विचारावा. घर बदलायचे तर त्यालाही दलाली, टेम्पो आणि नव्या घराचे डिपॉझिट यांची तजवीज करावी लागते. शेजारी खरोखरच ३०,००० चालू असतील, तर २२,००० वाचवण्यासाठी तेवढाच किंवा जास्त खर्च करून तेवढ्याच भाड्याच्या घरात जाण्यात त्याचा काही लाभ नाही. मात्र तुमचा ३०,००० चा आकडा खरा हवा. जाहिरातीत मागितलेले भाडे आणि ठरलेले भाडे यांत अंतर असते. गेल्या दोन महिन्यांत तुमच्या सोसायटीत कोणते फ्लॅट किती भाड्याला गेले आणि त्याआधी किती दिवस रिकामे होते, हे सोसायटीच्या ऑफिसात आणि दोन-तीन एजंटांकडे विचारून घ्या.

काळवेळही हिशेब फिरवते. पुण्यात शाळा-कॉलेजांच्या सुरुवातीला, मे ते जुलैमध्ये, मागणी जोरात असते. घर पंधरा दिवसांतच गेले, तर जाण्याचा खर्च ८०,००० वरून ५०,००० वर येतो आणि काटा ४४ टक्क्यांवर सरकतो, तेव्हा वाढ मागायला हरकत नाही. पितृपक्षात घर बदलायला अनेक कुटुंबे तयार नसतात. अशा काळात अडीच महिने रिकामे गेले, तर काटा २० टक्क्यांवर येतो. अकरा महिन्यांच्या करारात एक गोष्ट नकळत घडते, ती म्हणजे प्रत्येक वेळी संपण्याची तारीख एक महिना आधी सरकते. १ जुलैला सुरू झालेला करार मे अखेर संपतो, पुढचा एप्रिलअखेर, त्यापुढचा मार्चअखेर. चार-पाच करारांत तो भर हिवाळ्यात येऊन पोहोचतो, जेव्हा घर शोधणारे कमी असतात. करार अकराच महिन्यांचा हवा असे बंधन नाही. एखादा तेरा-चौदा महिन्यांचा करून तारीख पुन्हा मे-जूनवर आणता येते.

प्राप्तिकराचा परिणामही बघावा. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग रंग किंवा दलालीचा खर्च वेगळा वजा होत नाही. तुम्ही ३० टक्के कराच्या टप्प्यात असाल, तर सोडलेल्या भाड्यावरचा सुमारे बावीस टक्के कर वाचतो, पण रंगाऱ्याला दिलेले पैसे पूर्ण तुमच्या खिशातले असतात. आपल्या उदाहरणातला काटा त्यामुळे साडेसत्तावीसवरून साडेचोवीसच्या आसपास येतो. फार नाही, पण झुकतो तो सवलतीच्या बाजूला.

या फ्लॅटच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: पूर्ण २,००० सोडू नयेत. २९,००० वर यावे आणि बदल्यात लॉक-इनसह बावीस महिन्यांचा करार मागावा, दुसऱ्या वर्षाची वाढ त्यातच लिहून. अशी सवलत पहिल्या अकरा महिन्यांत ११,००० रुपयांची होते, म्हणजे अशा सात भाडेकरूंपैकी एक जरी तिच्यामुळे थांबला तरी ती भरून निघते. भाडे थकवणाऱ्याला किंवा घराची नासधूस करणाऱ्याला मात्र एक रुपयाचीही सवलत देऊ नये. त्याचे जाणे ८०,००० ला पडले तरी ते स्वस्त आहे.