नळाच्या वाटेत हरवलेले शंभर मीटर

ताईच्या फ्लॅटच्या डोक्यावरच गच्ची आहे आणि गच्चीत पाण्याची टाकी. तरीही तिच्या बाथरूममधल्या शॉवरला धार नव्हती, नुसते थेंब ओघळायचे. प्लंबरने पाहिलं आणि सांगितलं, "प्रेशर पंप बसवा, दुसरा इलाज नाही." ताईने पंपाची किंमत विचारली आणि मग मला फोन केला.

मी टेप घेऊन आधी गच्चीत गेलो. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या तोटीपेक्षा १.८ मीटर उंच भरली. नळाला पाणी ढकलायला एवढीच उंची हाताशी असते आणि जाणकार तिला 'हेड' म्हणतात. पाणी थांबलेलं असतं तेव्हा हे हेड तोटीपर्यंत पूर्ण पोचतं, मग वाटेत कितीही वळणं असोत. म्हणून नळ बंद ठेवून दाब मोजला तर दोष कधीच सापडत नाही. पाणी वाहू लागलं की खर्च सुरू होतो. थोडं हेड पाइपच्या भिंतीशी घासण्यात जातं आणि थोडं वळणांत, टीमध्ये, व्हॉल्व्हमध्ये.

एल्बोमध्ये काय होतं ते डोळ्यांसमोर आणून बघा. सरळ येणारं पाणी वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर आदळतं. आतल्या कोपऱ्यात ते भिंत सोडतं आणि तिथे छोटे छोटे भोवरे फिरत राहतात. त्या भोवऱ्यांत गेलेली ताकद पुढे परत मिळत नाही, पाण्यातच उष्णता होऊन जिरते. ती उष्णता इतकी थोडी असते की हाताला कळणार नाही, पण शॉवरला कळते.

हा तोटा मोजायची सोपी युक्ती म्हणजे समतुल्य लांबी. एका एल्बोत जेवढं हेड जातं, तेवढंच त्याच मापाच्या किती लांब सरळ पाइपमध्ये जाईल, एवढंच विचारायचं. सर्वसाधारण काटकोनी एल्बोचं उत्तर आहे पाइपच्या व्यासाच्या सुमारे ३० पट. ताईकडे पाऊण इंची पाइप आहे, आतून साधारण २० मिलिमीटर. म्हणजे एक एल्बो बरोबर ६० सेंटिमीटर पाइप. मग एल्बो विसरायचा आणि त्याच्या जागी तेवढा सरळ पाइप धरायचा.

त्या हिशेबाने मी टाकीपासून शॉवरपर्यंतची लाइन वहीत उतरवली. सरळ पाइप ९ मीटर. एल्बो ८, म्हणजे ४.८ मीटर. दोन टी अशा की पाणी त्यांच्यातून सरळ जातं. प्रत्येकी व्यासाच्या २० पट धरले तर दोन्ही मिळून ०.८ मीटर. एका टीमधून पाणी बाजूच्या फाट्याला वळतं, तिथे ६० पट, म्हणजे १.२ मीटर. टाकीतून पाइपात शिरताना साधारण ०.३ मीटर. टाकीजवळचा गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर फक्त ८ पट, म्हणजे जेमतेम १६ सेंटिमीटर. आणि शॉवरच्या भिंतीत गाडलेला, चार-पाच वेढे फिरवून उघडायचा जुना कॉक ग्लोब व्हॉल्व्हच्या जातीचा. त्याच्या आत पाण्याला दोनदा मुरड घालून जावं लागतं. अशा व्हॉल्व्हला तक्ते व्यासाच्या ३४० पट धरतात. हा एकटा कॉक ६.८ मीटर, आठही एल्बोंपेक्षा जास्त!

बेरीज झाली २३ मीटरच्या आसपास. भिंतीत ९ मीटर पाइप आहे, पण पाण्याच्या लेखी तो २३ मीटर आहे. मिनिटाला १२ लिटर पाणी या मापाच्या गुळगुळीत पाइपातून जाताना दर मीटरला सुमारे ३ सेंटिमीटर हेड खातं. २३ गुणिले ३, म्हणजे ६९ सेंटिमीटर. १.८ मीटरमधून एवढे गेले तरी मीटरभराहून अधिक उरायला हवं होतं. कागदावर हा शॉवर ठीक होता.

मग शॉवरची जाळी काढली, तोटीखाली २० लिटरची बादली धरली आणि घड्याळ लावलं. बादली भरायला अडीच मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ८ लिटर. जाळी काढल्यावरही पाणी कमीच, म्हणजे दोष जाळीत नव्हता, लाइनमध्ये होता. आता हाच हिशेब उलटा करता येतो. तोटा जवळजवळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे १२ लिटरला जिथे मीटरमागे ३ सेंटिमीटर जातात, तिथे ८ लिटरला सुमारे १.४ जातात. उघड्या तोटीवर जवळपास सगळं १.८ मीटर हेड वाटेतच संपतं. १८० भागिले १.४, म्हणजे सुमारे १२८ मीटर. लाइन वागत होती सव्वाशे मीटरच्या पाइपसारखी आणि माझ्या वहीत होते २३. शंभर मीटर कुठेतरी दडून बसले होते.

एवढी लांबी एल्बोंच्या मोजणीत चुकून राहत नाही, ती एखाद्या अरुंद फटीतच सापडते. माझा संशय गेट व्हॉल्व्हवर गेला. अर्धा उघडा गेट व्हॉल्व्ह व्यासाच्या सुमारे १६० पट असतो आणि पाव उघडा सुमारे ९०० पट, म्हणजे आपल्या पाइपला १८ मीटर. शंभर मीटर म्हणजे त्याहूनही बराच बंद. चाक मात्र पूर्ण उघडं होतं, आणखी फिरत नव्हतं. टाकीचं पाणी बंद करून व्हॉल्व्ह खोलला तेव्हा कळलं की दांड्याचं टोक झिजून आतली पाचर सुटली होती. चाकाबरोबर दांडा वर जायचा, पाचर खाली तशीच. पाणी नखाएवढ्या फटीतून चाललं होतं.

तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवला. पूर्ण उघड्या बॉल व्हॉल्व्हला पाणी जवळपास सरळ भोकातून जातं. व्यासाच्या ३ पट, म्हणजे ६ सेंटिमीटर. हिशेबाप्रमाणे उघड्या तोटीला मिनिटाला २० लिटर यायला हवे होते. बादली एक मिनिट दहा सेकंदांत भरली, म्हणजे १७ लिटर.

हा फरक मला खटकला नाही. तक्त्यातले आकडे सरासरीचे असतात. एल्बोच्या आतली धार किती तीक्ष्ण आहे, पाइपला आतून किती थर चढलाय, यावर ते हलतात. दोन एल्बो अगदी लागून असले की पहिल्याचे भोवरे दुसऱ्यात शिरतात आणि साधी बेरीज तंतोतंत उरत नाही. समतुल्य लांबी त्याच व्यासाची असते हेही ध्यानात ठेवावं लागतं. पाऊण इंची पाइपच्या बेरजेत अर्ध्या इंची तुकड्याचे मीटर तसेच मिसळले तर उत्तर फसतं, कारण आतून १५ मिलिमीटरच्या पाइपात तेवढ्याच पाण्याला दर मीटरला चौपट तोटा होतो.

आणि सगळीकडे एल्बो मोजत बसण्यात अर्थ नाही. शेतात ३०० मीटरच्या, आतून ६० मिलिमीटरच्या पाइपलाइनवर दहा एल्बो आले तरी ते १८ मीटर होतात, एकूणच्या सहा टक्के. तिथे पाइपचं माप बघायचं. घरातल्या छोट्या लाइनीत मात्र जोड आणि कॉक पाइपपेक्षा मोठे ठरतात.

ताईने विचारलं, "मग भिंतीतला तो कॉकही बदलायचा का?" त्याचे ६.८ मीटर गेले तर २३ चे १६ होतील आणि पाणी साधारण पाचव्या हिश्श्याने वाढेल. तिने फरशीकडे पाहिलं, शॉवर सुरू करून हात धरला आणि म्हणाली, "राहू दे. फरशा फुटतील तेव्हा बघू."