दाटपणा बर्फातून येत नाही

पुण्यात कोथरूडला कॉलेजच्या मुलांच्या तोंडी दुर्गा कॅफेच्या कोल्ड कॉफीचं नाव असतं, ते तिच्या दाटपणामुळे. घरी तशी कॉफी करायला गेलं की बहुतेकांचा हात आधी बर्फाकडे जातो. कॉफी पातळ वाटली की आणखी दोन खडे टाकले जातात, आणि ती आणखी पातळ होते. बर्फ कॉफी गार करतो, पण तो वितळला की त्याचं पाणीच होणार.

साधा हिशेब करून पाहा. फुल क्रीम दुधात सुमारे सहा टक्के स्निग्धांश असतो. २०० मिली दुधात बर्फाचे सहा खडे घातले, तर ते वितळल्यावर जवळपास १०० मिली पाणी होतं. म्हणजे पेल्यातल्या दुधाचा स्निग्धांश चार टक्क्यांवर येतो. महागाचं दूध आणून आपण ते जवळजवळ टोन्ड करून टाकतो. खरा दाटपणा येतो तो आईस्क्रीममुळे. त्यातले स्निग्धांशाचे कण, साखर आणि अडकलेली हवा मिळून दुधाला धरून ठेवतात. म्हणून पातळ कॉफीवर उपाय म्हणजे दूध कमी आणि आईस्क्रीम जास्त.

गारव्यासाठी सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे दुधाचेच खडे. तापवून गार केलेलं दूध बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं. हे खडे वितळले तरी दूधच होतात. दोन-तीन दिवसांत मात्र ते संपवावेत, कारण झाकण नसलेल्या ट्रेमधलं दूध फ्रीझरमधले वास लगेच ओढून घेतं.

आता दोन मोठ्या पेल्यांची कॉफी करू. दोन चमचे इन्स्टंट कॉफी आणि चार चमचे साखर दोन मोठे चमचे गरम पाण्यात पूर्ण विरघळवून गार करायची. थंड दुधात साखर नीट विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून ही पायरी टाळू नये. २०० मिली दूध सायीशिवाय, गाळून घ्यायचं आणि अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवायचं. कडेला बर्फाचा पापुद्रा दिसू लागला की ते तयार. मिक्सरचं भांडंही तेवढा वेळ फ्रीजमध्ये ठेवलं तर चांगलंच. नुकतीच चटणी वाटलेलं कोमट भांडं सगळी मेहनत वाया घालवतं.

भांड्यात आधी दूध, कॉफीचं पाणी आणि दुधाचे चार खडे. खडे मोडल्याचा खडखडाट थांबेपर्यंत, साधारण वीस-पंचवीस सेकंद फिरवायचं. मग व्हॅनिला आईस्क्रीमचे दोन-तीन मोठे गोळे घालून, बटण उलट्या बाजूला थांबत थांबत फिरवत पाच-सहा वेळा मिक्सर चालवायचा. बस्स. आईस्क्रीम सगळ्यात शेवटी घालण्याला कारण आहे. बर्फ फुटेपर्यंत ते पात्यांखाली राहिलं, तर घर्षणाच्या उष्णतेनं वितळतं आणि ज्याच्यासाठी ते घातलं तो दाटपणाच जातो. डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल, तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. दाटपणा त्यानंही येतो, पण माझ्या जिभेला दुधाच्या आईस्क्रीमची चव वेगळी कळते आणि मी तेच घेते.

कॉफी रवाळ झाली तर दोष कशाचा, ते जीभच सांगते. दाताखाली गोड कण लागला तर ती न विरघळलेली साखर. कुरकुरून लगेच नाहीसा झाला तर तो बर्फाचा तुकडा, म्हणजे पहिली फिरवणी कमी पडली. आणि कण टाळूला चिकटत असेल, पेल्याच्या कडेला तुपकट थर दिसत असेल, तर ते चक्क लोणी आहे. म्हशीचं सायीसकट दूध थंड असताना खूप वेळ घुसळलं की लोणी निघणारच. ताक करताना आपण मुद्दाम तेच करतो. पहिल्या दोन दोषांवर पुन्हा काही सेकंद फिरवून थोडाफार इलाज होतो. लोणी मात्र पुन्हा मिसळत नाही, ते गाळूनच काढावं लागतं.

फेसालाही फसू नका. थंड दूध आणि इन्स्टंट कॉफी मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरली की भांडं काठोकाठ भरतं आणि कॉफी दाट झाली असं वाटतं. पेला पाच मिनिटं तसाच ठेवा. वर फेस आणि खाली पातळ दूध असे दोन थर पडले, तर दाटपणा फक्त हवेचा होता. नीट जमलेली कॉफी वरपासून खालपर्यंत एकसारखी राहते आणि चमच्यावरून सावकाश ओघळते.

ही कॉफी आधी करून फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. तिथे आईस्क्रीम वितळतं, आणि फ्रीझरमध्ये ठेवली तर तिचे बर्फाळ खडे होतात. पाहुणे येणार असतील तर कॉफीचं पाणी, दुधाचे खडे आणि गार दूध तयार ठेवा, आणि मिक्सर ते बसल्यावरच लावा.