पुढचा बाक मागताना चिठ्ठीत काय लिहावे?

“माझ्या मुलीला कमी दिसते, कृपया तिला पुढे बसवावे.” अशी एका ओळीची चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे देऊन आपण निश्चिंत होतो. मुलीला बाक पुढचा मिळतो, पण बाकाची फिरती पद्धत असल्याने पुढच्या आठवड्यात ती पुन्हा मागे जाते. चिठ्ठीत कारण नसते, आकडा नसतो, म्हणून शिक्षकांच्याही लक्षात राहत नाही.

चिठ्ठीआधी डोळ्यांची तपासणी हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. त्यांनी संदर्भ चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडू देऊ नका. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. नुसता नंबर असेल तर चष्म्याने फळा दिसू लागतो. अशा मुलाला चष्म्याऐवजी फक्त पुढचा बाक दिला तर नंबर वाढत जातो आणि घरात कुणाला कळतही नाही. “मुलीला चष्मा लागला तर पुढे स्थळे कशी येतील?” म्हणून चष्मा टाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. चष्मा लावूनही नीट दिसत नसेल, तेव्हा मात्र बाक हाच मोठा आधार ठरतो.

समजा, परंडा तालुक्यातील उर्दू शाळेत चौथीत शिकणाऱ्या मुलीच्या कागदावर “चष्म्यासह दोन्ही डोळे 6/36” असे लिहिले आहे. म्हणजे इतरांना जे 36 मीटरवरून दिसते, ते तिला 6 मीटरवर यावे तेव्हा दिसते. वर्गाच्या मागच्या बाकावरून, म्हणजे 6 मीटरवरून, तिला जेमतेम ओळखता येणारे अक्षर सुमारे 5 सेंटिमीटर उंच असावे लागते. 2 मीटरवर तेच पावणेदोन सेंटिमीटर पुरते. सलग वाचायला याच्या दुप्पट अक्षर लागते. फळ्यावर 3-4 सेंटिमीटरचे अक्षर असेल, तर पुढून ती वाचू शकते आणि मागून नाही. उर्दूत अडचण आणखी वाढते, कारण बे, पे आणि ते यांतला फरक फक्त नुक्त्यांचा. मराठीत घ आणि ध यांची गल्लत होते.

आता चिठ्ठी अशी लिहिता येईल:

“आदरणीय मॅडम,
माझी मुलगी आपल्या वर्गात चौथीत आहे. चष्मा लावूनही तिची दृष्टी 6/36 आहे. डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. चष्मा ती रोज लावते. कृपया तिला फळ्यासमोर, मधल्या रांगेत पहिल्या बाकावर कायम बसवावे. बाक बदलताना तिचा बदलू नये. खिडकीचा उजेड फळ्यावर चमकतो, त्या बाजूला बसवू नये. फळ्यावर लिहिताना तेच मोठ्याने वाचलेत तर तिला फार मदत होईल. उतरवायचे राहिले तर मैत्रिणीची वही घरी आणू द्यावी. चाचणीचा कागद मोठ्या अक्षरात मिळावा व थोडा वेळ जास्त द्यावा. पंधरा दिवसांनी मी येऊन भेटते.
आपली विश्वासू, मुलीची आई”

चिठ्ठीची एक प्रत मुख्याध्यापकांकडे द्या, कारण जूनमध्ये वर्गशिक्षक बदलतात. मक्तबच्या मौलाना साहेबांनाही हेच सांगा. जेर-जबर दिसत नसल्याने अडखळणाऱ्या मुलीला सबक याद नाही असे समजले जाते. मोठ्या अक्षरांचा कायदा आणि कुरआन शरीफ बाजारात मिळतात.

पंधरा दिवसांनी तिची वही शेजारणीच्या वहीशेजारी ठेवून पाहा. मधल्या ओळी गळाल्या असतील, बेरजेतले आकडे बदलले असतील, किंवा ती फळ्याऐवजी शेजारणीच्या वहीतून उतरवत असेल, तर व्यवस्था पुरेशी नाही. मग बाक आणखी पुढे घ्यावा लागेल किंवा डोळे पुन्हा तपासावे लागतील.

हे सारे मागताना उपकार मागतो आहोत असे वाटू देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार अशा मुलांना लागणाऱ्या सोयी देणे शाळेचे कर्तव्य आहे. चष्म्यासह दोन्ही डोळ्यांची दृष्टी 6/24 ते 6/60 यांच्या दरम्यान असेल तर दिव्यांगत्व 40 टक्के धरले जाते. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. ते मिळाले की दहावीच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटे जादा वेळ मागता येतो. मोठ्या अक्षरांच्या पाठ्यपुस्तकांसाठी मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना भेटा. तोवर बालभारतीची ई-पुस्तके मोबाइलवर उतरवून अक्षर मोठे करून वाचता येतात.